पट्टीच्या टोकावरचा मजकूर

गोळ्यांची पट्टी हा दोनदा छापला गेलेला कागद आहे, असे मी म्हटले तर वाचकांना ते चमत्कारिक वाटेल. पण औषध कारखान्याच्या पॅकिंग विभागात तपासणीचे काम केलेल्या कोणालाही ते लगेच पटेल. पहिली छपाई कारखान्याबाहेर होते. ॲल्युमिनियमच्या फॉइलचे मोठे रोल औषधाचे नाव, घटक, सूचना, उत्पादकाचा पत्ता असा मजकूर घेऊनच आमच्याकडे येत. हा मजकूर महिनोन्‌महिने बदलत नाही. दुसरी छपाई गोळी कप्प्यात बसून पट्टी बंद होताना, चालू यंत्रावर होते. तीत बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना, मुदत संपण्याचा महिना आणि किंमत एवढेच असते. पहिली छपाई हे औषध कोणते ते सांगते, दुसरी छपाई ही हातातली पट्टी कोणती ते सांगते. परगावी राहणाऱ्या आईवडिलांच्या औषधांकडे फोटोवरून लक्ष ठेवणाऱ्या मुलामुलींना वाचायची असते ती ही दुसरी छपाई, आणि फोटोत नेमकी तीच उमटत नाही.

माझी आई वर्ध्याला राहते, मी पुण्यात. तिचे वय ८२. रक्तदाबासाठी तिला रोज सकाळी टेल्मिसार्टनची ४० मिलिग्रॅमची एक गोळी असते. हे औषध आज इतक्या ज्येष्ठांच्या घरी आहे, की उदाहरण म्हणून तेच घेणे सोयीचे. पट्टी कशी वाचावी, फोटो काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे या एका औषधाच्या निमित्ताने नीट मांडता येईल.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. औषधांच्या वेष्टनावर काय असावे हे १९४५ च्या औषध नियमांतील ९६ व्या नियमात सांगितले आहे. औषधाचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदतीची तारीख ही त्यातली मुख्य माहिती. मुदतीबद्दल त्या नियमात एक स्पष्ट वाक्य आहे: मुदत महिना आणि वर्ष अशी लिहायची, आणि तिचा अर्थ त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत असा घ्यायचा. म्हणजे ०२/२०२५ असे छापलेली गोळी २८ फेब्रुवारीपर्यंत चालते, १ मार्चला नाही. घरोघरी याचे दोन्ही बाजूंनी चुकीचे वाचन होते. काही जण महिना लागताच पट्टी टाकून देतात. काही जण पट्टीवर ‘नोव्हेंबर २५’ असे पाहून २५ नोव्हेंबर समजतात, खरे तर तो २५ हा आकडा वर्षाचा असतो. पट्टीवर दिवस छापलेला क्वचितच असतो, म्हणून दोनच आकडे दिसले तर दुसरा आकडा वर्षाचा धरावा.

आता फोटोकडे येऊ. दुसरी छपाई कधी शाईने होते, तर कधी नुसत्या दाबाने. दाबाने म्हणजे धातूचे अक्षरठसे पट्टीच्या टोकाच्या मोकळ्या जागेवर दाबले जातात आणि अक्षरे फॉइलवर उठतात. या अक्षरांना रंग नसतो. ती आपल्याला दिसतात ती केवळ त्यांच्या सावलीमुळे. मोबाइलचा फ्लॅश समोरून पडला की सावली नाहीशी होते, चकचकीत फॉइल आरशासारखी उजळते आणि फोटोत टोकाशी फक्त पांढरा डाग येतो. आई सांगते, “मला तर दिसतंय, तुला कसं दिसत नाही?” तिचे म्हणणे खरे असते. ती पट्टी हातात तिरकी करून बघत असते, फोटोला तिरके होता येत नाही.

यावर उपाय साधा आहे. फ्लॅश बंद करायचा. पट्टी गडद रंगाच्या कापडावर सपाट ठेवायची. प्रकाश एकाच बाजूने, खालून तिरका यावा म्हणून खिडकीजवळ बसायचे, किंवा दुसऱ्या फोनची बॅटरी पट्टीच्या पातळीला धरून लावायची. फोन पट्टीपासून वीतभर उंच धरायचा, कारण फार जवळ नेला की बहुतेक फोनना नजर स्थिर करता येत नाही. मोठे दिसावे म्हणून जवळ जाण्याऐवजी पडद्यावर चित्र मोठे करायचे. असे तीन फोटो घ्यायचे आणि दर वेळी पट्टी थोडी फिरवायची, म्हणजे एका फोटोत हरवलेला आकडा दुसऱ्यात सापडतो. पाठवताना तो साध्या फोटोसारखा न पाठवता कागदपत्र म्हणून पाठवला, तर वाटेत त्याचा बारीकपणा कमी होत नाही.

उठावाची अक्षरे मागच्या बाजूने उलटी दिसतात, हेही लक्षात ठेवावे. फोटोत अक्षरे आरशातल्यासारखी दिसली तर पट्टी पालथी पडलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. फोटो जमतच नसेल तर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवत असू, ती युक्ती इथेही चालते. टोकाच्या पट्ट्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी, अगदी हलक्या हाताने घासली की आकडे कागदावर उमटतात. ती फक्त कप्पे नसलेल्या टोकावर करायची, कप्प्यांवर नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, २० फेब्रुवारीच्या संध्याकाळी शेजारच्या मुलीने आईच्या टेल्मिसार्टनच्या पट्टीचा फोटो पाठवला. पट्टीवर तीन ओळी उठावाच्या होत्या. बॅच क्रमांक बऱ्यापैकी वाचता येत होता. उत्पादनाच्या ओळीत वर्ष २०२३ स्पष्ट होते, पण महिना ०३ की ०८ हे कळत नव्हते. मुदतीच्या ओळीत वर्ष २०२५ होते आणि महिना ०२ किंवा ०७ असावा असे वाटत होते. इंग्रजी आकड्यांत तीन आणि आठ, दोन आणि सात, शून्य आणि सहा या जोड्या उठावाच्या छपाईत नेहमी घोटाळा करतात, कारण आकड्याची एखादी कडा नीट दाबली गेली नाही की तो आकडा दुसऱ्यासारखा दिसू लागतो.

अशा वेळी दोन्ही तारखा एकमेकींशी ताडून पाहाव्यात. औषधाचे आयुष्य ठरावीक पूर्ण महिन्यांचे असते, बहुधा १८, २४ किंवा ३६. उत्पादनाचा महिना पहिला धरून मोजायचे असते, म्हणून मुदतीचा महिना सहसा उत्पादनाच्या महिन्याच्या एक मागे येतो. मार्च २०२३ मध्ये केलेले आणि २४ महिने टिकणारे औषध फेब्रुवारी २०२५ ला संपते. ऑगस्ट २०२३ चे जुलै २०२५ ला संपते. या हिशोबाने चार शक्यतांपैकी दोन बाद झाल्या. मार्च ते जुलै २९ महिने आणि ऑगस्ट ते फेब्रुवारी १९ महिने होतात, आणि ते बसत नव्हते. उरल्या दोन जोड्या, आणि त्या दोन्ही हिशोबात अगदी चपखल बसत होत्या. हिशोबाची मर्यादा इथे कळते. तो चुकीचे वाचन बाहेर काढतो, योग्य वाचन कोणते ते नेहमी सांगतोच असे नाही.

तरीही एक निर्णय त्याच वेळी घेता आला. दोन्हींपैकी काहीही खरे असले तरी २८ फेब्रुवारीपर्यंत गोळी मुदतीत होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी चुकवण्याचे कारण नव्हते. रक्तदाबाचे औषध शंका आली म्हणून आपल्या मनाने बंद करणे हे म्हातारपणी फार धोक्याचे असते. मी आईला एवढेच सांगितले, “उद्या नेहमीसारखी गोळी घे. पट्टी मात्र फेकू नकोस, सकाळी उन्हाजवळ पुन्हा फोटो काढू.”

सकाळी तिरक्या प्रकाशातल्या फोटोत आठ आणि सात दोन्ही आकडे साफ आले. मुदत जुलै २०२५ पर्यंत होती. दुजोरा म्हणून मी दुकानाच्या बिलाचाही फोटो मागवला. छापील बिलात बऱ्याचदा प्रत्येक औषधापुढे बॅच क्रमांक आणि मुदत असते. तिथेही तोच बॅच क्रमांक आणि तीच मुदत होती. पण बिल हा दुय्यम पुरावा, हे विसरू नये. बिलातला आकडा दुकानदाराच्या संगणकात नोंदलेला असतो आणि दोन बॅचच्या पट्ट्या एकाच ओळीत विकल्या गेलेल्या असू शकतात. पट्टी आणि बिल यांत फरक पडला तर खरी पट्टीच मानायची, आणि दोन्ही घेऊन दुकानात जायचे.

याच कारणासाठी पट्टीचे टोक जपावे लागते. दुकानदार पंधराच्या पट्टीतून पाच गोळ्या कापून देतो तेव्हा छपाई एकाच तुकड्यावर राहते. तो तुकडा तुमच्याकडे आला नाही तर तुमच्या गोळ्यांना ना तारीख ना बॅच. म्हणून सुट्या गोळ्या घ्यायच्याच असतील तर छपाईच्या टोकाचा तुकडा मागून घ्यावा, किंवा दुकानदाराला बिलावर बॅच आणि मुदत लिहायला सांगावे. घरीही गोळ्या नेहमी छपाईच्या विरुद्ध टोकापासून काढाव्यात. आईच्या प्रत्येक पट्टीवर शेजारच्या मुलीने मार्कर पेनने एक बाण काढून ठेवला आहे: इकडून सुरुवात. आणखी एक दक्षता आहे. फोनमध्ये मागच्या महिन्याचा फोटो सापडला म्हणून तो पुढे पाठवू देऊ नये. औषध तेच, दुकान तेच, पण पट्टी बदलली की बॅच आणि मुदत बदलली.

आता साठवणीबद्दल. ती सूचना पहिल्या छपाईत, बारीक अक्षरांत असते आणि सहसा कोणी वाचत नाही. आईच्या पट्टीवर तिचा अर्थ असा होता: ३० अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानात, प्रकाश आणि ओलाव्यापासून दूर ठेवा. ही सूचना आणि मुदतीची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण समजतो. खरे तर दुसरी पहिलीवर उभी असते. कारखान्यात औषध ठरावीक तापमानाला आणि आर्द्रतेला, बंद वेष्टनात महिनोन्‌महिने ठेवून, वेळोवेळी तपासून मुदत ठरवली जाते. म्हणजे जुलै २०२५ ही तारीख बंद कप्प्यातल्या, सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या गोळीची आहे. कप्प्यातून बाहेर काढलेल्या गोळीची मुदत पट्टीवर छापलेलीच नसते.

टेल्मिसार्टनच्या बाबतीत याला विशेष अर्थ आहे. हे औषध पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून गोळीत क्षारधर्मी घटक घालावे लागतात, आणि त्यामुळे गोळी हवेतला ओलावा झपाट्याने ओढून घेते. म्हणूनच ती घ्यायच्या वेळेपर्यंत कप्प्यातच ठेवावी, अशी सूचना या औषधाच्या माहितीपत्रकात असते. आणि ज्येष्ठांच्या घरात नेमके उलटे घडत असते. सोय म्हणून सात खणांची प्लास्टिकची डबी आणली जाते आणि रविवारी बसून आठवड्याच्या सगळ्या गोळ्या सोलून तीत भरल्या जातात. वर्ध्याच्या कोरड्या फेब्रुवारीत त्याचे फारसे काही दिसणार नाही. जुलैत, किंवा कोकणातल्या घरात, शनिवारच्या खणातली गोळी फुगलेली, कडा भुसभुशीत झालेली, कधी खणाला चिकटलेली आढळते. अशी गोळी मुदतीत असली तरी देऊ नये. उलट, दिसायला ठीक आहे म्हणून गोळी ठीक आहे असेही नाही. बिघाडाची सुरुवात डोळ्यांना दिसत नाही.

याहून ओळखीचे उदाहरण ॲस्पिरिनचे. हृदयविकारासाठी पुष्कळ ज्येष्ठ ते कमी मात्रेत घेतात. ओलाव्याने त्याचे विघटन होऊन ॲसिटिक आम्ल तयार होते, तेच शिरक्यात म्हणजे व्हिनेगरमध्ये असते. डबी उघडल्यावर आंबूस वास आला तर त्या गोळ्या बाद. हा वास फोटोत येत नाही, म्हणून तो फोनवर विचारावा लागतो.

मग डबीचे काय करावे? बरेच जण कात्रीने एकेक कप्पा कापून, फॉइलसकट डबीत ठेवतात. गोळी कोरडी राहते हे खरे, पण दृष्टी किंवा स्मरण कमी झालेली व्यक्ती ती फॉइलसकट गिळू शकते. कापलेल्या कप्प्याच्या कडा धारदार असतात आणि त्या अन्ननलिकेला इजा करतात. ज्येष्ठांमध्ये असे प्रकार डॉक्टरांनी अनेकदा नोंदवले आहेत. म्हणून आईसाठी आम्ही वेगळी रीत ठेवली. ही पट्टी अखंड राहते आणि प्रत्येक कप्प्याशेजारी मार्करने वार लिहिलेला असतो. बॉलपेन वापरत नाही, कारण त्याच्या टोकाने फॉइलला बारीक भोक पडू शकते. रोजची गोळी घेतली की नाही हे रिकाम्या कप्प्यावरून कळते, आणि त्याचा फोटोही लगेच वाचता येतो.

उन्हाळ्याचा प्रश्न उरतो. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असते तेव्हा घरात ३० खाली जागा शोधावी लागते. औषधे शेगडीच्या वरच्या फळीवर, टीव्हीवर किंवा पश्चिमेच्या खिडकीत असू नयेत. आतल्या खोलीतले, जमिनीजवळचे बंद कपाट सर्वांत बरे, दिवसा कूलर चालतो त्या खोलीत मात्र हवा दमट असते. फ्रिज हा सहज सुचणारा उपाय, पण पट्टीवर तसे लिहिलेले नसेल तर तो टाळावा. गार पट्टी बाहेर काढली की तिच्यावर दव धरते, आणि ओलावा हाच तर शत्रू आहे.

बॅच क्रमांकाचे काम वेगळे. तो रोज लागत नाही, लागतो तेव्हा मात्र त्याच्याशिवाय काहीच करता येत नाही. एकाच वेळी, एकाच प्रक्रियेतून तयार झालेल्या गोळ्यांचा तो सामाईक क्रमांक असतो. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना तपासणीत अप्रमाणित ठरलेल्या औषधांची यादी दर महिन्याला संकेतस्थळावर टाकते. तिच्यात औषधाच्या नावापुढे बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे नाव असते. अशा बातमीत औषधाचे नाव दिसले की घबराट होते. पण दोष आढळतो तो एका बॅचमध्ये. नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांकाचे प्रत्येक अक्षर जुळले तरच ती आपली पट्टी. जुळले तर गोळ्या बाजूला काढून पट्टी आणि बिल दुकानात दाखवायचे, त्याच दिवशी दुसऱ्या बॅचची पट्टी घ्यायची, आणि डॉक्टरांना कळवायचे. यादीत नाव नाही याचा अर्थ मात्र गोळी उत्तमच आहे असा नाही. यादी तपासलेल्या नमुन्यांपुरती असते.

१ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० नाममुद्रांच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. तो वाचला की नाव, उत्पादक, बॅच, उत्पादन आणि मुदतीच्या तारखा दिसायला हव्यात. फोटोतून कोड वाचता आला तर त्यातली बॅच पट्टीवर उठवलेल्या बॅचशी ताडून पाहावी. कोडची नक्कलही होऊ शकते, त्यामुळे जुळले म्हणजे शंका संपली असे नाही. जुळले नाही तर मात्र गोळी देऊ नये. पट्टीवर जागा नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर असतो, आणि खोके सहसा दुकानातच राहते.

नवीन पट्टी सुरू केल्यावर आईला चक्कर, पुरळ असे काही वेगळे जाणवले, तर पहिला फोन डॉक्टरांना. पण त्या दिवशी कोणती बॅच चालू होती हेही लिहून ठेवावे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे होते. ती साधा रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही करू शकतात, आणि त्या वेळी बॅच क्रमांकाची माहिती लागते. संपलेल्या पट्टीचे टोक मी महिनाभर एका पाकिटात ठेवायला सांगते ते यासाठीच.

आता आमचा क्रम ठरून गेला आहे. नवीन पट्टी घरी आली की ती उघडण्यापूर्वी दोन फोटो येतात. एक टोकाचा, तिरक्या प्रकाशातला. दुसरा पूर्ण मागच्या बाजूचा, ज्यावर औषधाचे नाव, मात्रा आणि साठवणीची सूचना आहे. मी औषधाचे नाव आणि ४० ही मात्रा आधी पाहते, कारण ८० च्या पट्टीचा रंग कधीकधी फारसा वेगळा नसतो. मग मुदत, मग बॅच. आणि शेवटी फोन करून फोटोत न दिसणारे तीन प्रश्न विचारते: पट्टी कुठे ठेवली आहे, कप्पे सगळे घट्ट बंद आहेत का, आणि आधीची पट्टी संपली की दोन्ही एकदम चालू आहेत. तिसऱ्या प्रश्नाला आई हसते, पण उत्तर देते. दोन पट्ट्या उघड्या असतील तर आधी मुदत संपणारी पुढे ठेवायची, आणि दुसरी कपाटात.